अस्वलाचे सेल

आमच्या केंद्रात औषधांपेक्षा सेल जास्त लागायचे, हे सांगितलं की लोक हसायचे. हसू देत. जयपूरच्या बनी पार्कातल्या एका जुन्या बंगल्याचा तळमजला भाड्याने घेऊन ते केंद्र चालायचं. ज्यांचे हातपाय मेंदूचं ऐकत नाहीत अशी मुलं तिथे यायची आणि मी त्यांच्याकडून हाताची कामं करून घ्यायचे. याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. अकोल्याला माझ्या माहेरी अजूनही मी मालिश करते असाच समज आहे, आणि तो खोडून काढायचं मी कधीच सोडून दिलं. नवऱ्याची नोकरी दुर्गापुऱ्याच्या शेती संशोधन केंद्रात, म्हणून मी जयपूरला आले आणि राहिले.

तर सेल. नजर एका जागी ठरावी म्हणून मुलांच्या डोळ्यांपुढून आम्ही टॉर्च फिरवायचो. टीव्हीचा रिमोट एका मुलाच्या मांडीवर ठेवून त्याच्याकडून आवाज कमी-जास्त करून घ्यायचो. आणि खेळणी. खेळण्याच्या सेलच्या खोक्यात दोन बाजूंना तांबं आणि मधे प्लास्टिक अशी एक पातळ चकती सरकवायची, तिची वायर बाहेर काढून एका मोठ्या पिवळ्या बटणाला जोडायची. ताटलीएवढं ते बटण दाबलं की खेळणं चालू, हात उचलला की बंद. ज्या मुलाला चमचा धरता येत नाही, बोलता येत नाही, त्यालाही यातून एक गोष्ट कळते: मी काहीतरी केलं आणि जगात काहीतरी झालं. आपल्याला हे पाळण्यातच कळतं म्हणून त्याची किंमत वाटत नाही. या मुलांना ते कळायला महिने लागतात, कधी वर्षं लागतात, आणि एकदा कळलेलं टिकेल याची खात्री कुणी देत नाही.

माझ्याकडे एक मुलगी यायची, साडेचार वर्षांची. वडील फौजेत, साताऱ्याकडचे, लष्कराच्या क्वार्टरमध्ये राहणारे. आई आठवड्यातून तीन दिवस तिला कडेवर घेऊन रिक्षाने यायची. पहिल्या दिवशी मी मराठी बोलते हे कळल्यावर ती बाई दारातच रडायला लागली. "ताई, चार म्हैनं झालं, कुनाला सांगताच येत न्हवतं काय होतंय पोरीला," म्हणाली. मला असं गळ्यात पडणं आवडत नाही. पण तिचं मला आवडलं, खोटं कशाला बोलू.

मुलीच्या उजव्या हाताची मूठ कायम आवळलेली. खांद्यापासून हात पुढे यायचा, पण इतका हळू की बघणाऱ्याचा धीर सुटावा. तिच्यासाठी मी ढोल वाजवणारं अस्वल निवडलं होतं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं. नोव्हेंबरात सुरुवात केली. दोन महिने मी तिचा हात धरून बटणावर ठेवत होते. अस्वल वाजायचं, ती भलतीकडेच बघायची. जानेवारीच्या शेवटी एकदा हात माझ्या हातातून सुटला आणि बटणावर पडला, अस्वलाने ढोल वाजवला आणि तिने मान वळवून अस्वलाकडे पाहिलं. मग परत बटणाकडे पाहिलं. तिची आई कोपऱ्यात बसून पोळीचा डबा उघडत होती, ती तशीच थांबली.

त्यानंतर सेलने माझा छळ मांडला. अस्वलात अल्कलाइन, म्हणजे एकदाच वापरून फेकायचे नेहमीचे, सेल होते. नवे घातले की अस्वल झपाझप वाजायचं, आठ-दहा दिवसांनी सावकाश, मग अगदीच रडतखडत. शेवटी काठी वर जायची आणि खाली यायची विसरायची. मोटरसारखं जास्त वीज ओढणारं काही असलं की अल्कलाइनचा जोर असा उतरणीला लागतो. धडधाकट मुलाला याचं काही नसतं, ते खेळणं आपटून मोकळं होतं. पण हिने दोन मिनिटं धडपडून हात बटणापर्यंत न्यायचा आणि अस्वलाने नुसतं कण्हायचं, म्हणजे शिकलेलं पुसलंच जायचं. दोन वेळा असं झालं आणि दोन्ही वेळा तिने आठवडाभर बटणाकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग मी हट्टाला पेटले. नवऱ्याच्या कपाटातून व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर उचलला, बाजारातून अल्कलाइन, लिथियम आणि चार्ज होणारे अशा तिन्ही जातींचे सेल आणले आणि एक वही केली. तेच अस्वल, तेच बटण, मिनिटाला किती ठोके ते मोजायचं. नवरा म्हणाला, "पीएचडी करतेस की काय अस्वलावर?" करत होतेच. अल्कलाइनचं वर सांगितलं. लिथियमचे सेल हातात घेतले तर रिकामे वाटावेत इतके हलके, पण त्यांच्यावर अस्वलाने ढोल असा बडवला की शेजारच्या खोलीतलं मूल दचकलं. नवे असताना त्यांचा व्होल्टेज दीडच्याही थोडा वर असतो आणि तो सहजी पडत नाही. शिवाय वर्षानुवर्षं पडून राहिले तरी तसेच. पण संपले की फेकायचे, आणि किंमत विचारू नका. निकेल-मेटल-हायड्राइडचे, म्हणजे परत परत चार्ज होणारे, ते सव्वाच्या आसपास व्होल्टेज देतात. त्यामुळे अस्वल जरा शांतपणे वाजायचं, पण पहिल्या दिवशी जसं तसंच चौथ्या दिवशी. सगळ्यात शेवटी दोन-चार मिनिटांत गप्प व्हायचं. संपले की रात्रभर चार्जरला लावायचे.

मला हवं होतं ते हेच. एकसारखं वाजणारं अस्वल. मी फर्मान काढलं: खेळण्यांना चार्ज होणारे, रिमोटला अल्कलाइन. कारण रिमोट इतकी कमी वीज खातो की त्यात ते वर्षभर जातात, आणि चार्ज होणारे महाग सेल तिथे अडकवून ठेवायची गरज नव्हती. टॉर्चचे सेल जाडे, ते अल्कलाइनच राहू दिले. लिथियमच्या पाकिटातले दोन उरले होते, ते टेबलाच्या खणात टाकले. केंद्रात एक मदतनीस दीदी होती, जयपूरचीच, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिला मी मीटर कसा लावायचा ते दाखवलं आणि चांगलं बजावलं, "दीदी, ये वाला एक पॉइंट दो दिखाए तो खराब मत समझना. इसका इतना ही होता है." अल्कलाइनने हाच आकडा दाखवला तर तो अर्धाअधिक संपलेला असतो. या सेलची गोष्ट वेगळी, हे मला कळलं होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता.

मार्च-एप्रिलमध्ये मुलगी बटण दाबायला लागली. सांगितल्यावर दाबायला लागली. मी म्हणायचे, "अस्वल झोपलंय गं, उठव," की तिचा हात निघायचा. कधी एक मिनिट, कधी दोन. बटणावर मूठ पडायची, अस्वल वाजायचं आणि ती तोंड भरून हसायची. एका तासात सहा वेळा दाबलं एकदा. पुढे त्याच बटणावर मला रेकॉर्ड केलेला आवाज जोडायचा होता. "आई" एवढाच. तिच्या आईला मी हे सांगितलं नव्हतं, पण मनात होतं.

मे महिन्यात घोळ झाला. वडिलांच्या युनिटला फील्डवर जायचा हुकूम आला. तिथे कुटुंब नेता येत नाही. अर्ज करून बायकामुलांना जयपूरच्या क्वार्टरमध्ये ठेवता येत होतं, पण गावी सासूबाईंचं म्हणणं, एकटी सून परमुलखात कशाला, पोर काय इथेही पडून राहील आणि तिथेही. आईने त्यांना फोनवर व्हिडिओ दाखवला तर त्या म्हणाल्या, अस्वल आपोआप वाजतंय. तिच्या नवऱ्यालाही नक्की कळेना. तो दिवसभर ड्यूटीवर, केंद्रात कधी आलाच नव्हता. शेवटी तो म्हणाला, "एकदा माझ्या डोळ्यांसमोर दाबू दे, मी अर्ज टाकतो." बाईने मला हे सांगितलं तेव्हा ती इतकी खूश होती की जणू अर्ज मंजूरच झाला. मीसुद्धा होते.

केंद्राला उन्हाळ्याची महिनाभर सुट्टी असते. सुट्टीआधी मी सेल पूर्ण चार्ज केले, अस्वलातून काढले आणि लोखंडी कपाटात ठेवले. जूनमध्ये केंद्र उघडलं त्याच दिवशी सकाळी मुलीचा बाप यायचा होता. दुसऱ्या दिवशी त्याची गाडी होती. तुकडी निघत होती, आणि अर्ज जायच्या आधी देणं भाग होतं.

मी लवकर गेले. कूलर लावला, धूळ पुसली. कपाटाच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसला. सेल काढून मीटर लावला. एकाचा एक पॉइंट चोवीस, दुसऱ्याचा एक पॉइंट बावीस. बरोबर. यांचं इतकंच असतं. मी ते अस्वलात घातले आणि झाकण लावलं.

दीदी म्हणाली, "मैडमजी, एक बार चला के देख लें?"

"मीटर देखा ना मैंने," मी म्हणाले. जरा तुटकच म्हणाले, कारण बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला होता आणि मुलगी आत येताना अस्वल आधीच वाजत असलेलं मला नको होतं. तिनेच ते उठवायचं होतं.

बाप उंच, सावळा, शर्ट इस्त्रीचा. त्याने पायताण दाराबाहेर काढलं, मला "नमस्कार मॅडम" म्हणाला आणि मी खुर्ची पुढे केली तरी भिंतीला टेकून उभा राहिला. आईने मुलीला खास खुर्चीत बसवून पट्टा लावला. मी बटण समोर ठेवलं. म्हणाले, "अस्वल झोपलंय गं. बाबा आलेत. उठव."

महिनाभराच्या सुट्टीनंतरही तिला आठवत होतं. हात निघाला. खांदा वर आला, कोपर हललं, मूठ इंच इंच पुढे सरकली. तोंडातून लाळ गळत होती, आईने पुसायला पदर पुढे केला आणि मी मानेनेच नको म्हटलं. बाप भिंत सोडून एक पाऊल पुढे आला होता. मूठ बटणाच्या कडेला अडली, वर उचलली गेली, आणि पडली. बरोबर मध्यभागी. खट्‌ असा आवाज सगळ्यांनी ऐकला.

अस्वलाच्या पोटात घुर्र झालं. काठी बोटभर वर आली आणि तिथेच राहिली.

मुलीने अस्वलाकडे पाहिलं. मूठ तशीच बटणावर दाबलेली. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

आता मला सगळं समजतं. ते साधे चार्ज होणारे सेल न वापरता नुसते ठेवले तरी आपोआप रिकामे होत जातात, आणि उन्हाळ्यात भट्टीसारख्या कपाटात तर विचारायलाच नको. महिनोन्‌महिने चार्ज धरून ठेवणारी त्यांचीच दुसरी जात मिळते, तीही मला माहीत नव्हती. आणि काही न जोडता मीटर लावला तर हा सेल भरलेला असो की जवळजवळ रिकामा, आकडा सव्वाच्या आसपासच दाखवतो. मोटर जोडली की मगच त्याचं पितळ उघडं पडतं. ज्याला सेलमधलं काही कळत नाही अशा माणसाने अस्वल एकदा चालवून पाहिलं असतं. दीदी तेच म्हणत होती. मला जास्त कळत होतं, म्हणून मी पाहिलं नाही.

त्या वेळी मात्र मी एवढंच म्हणाले, "सेल गेलेत, सेल. एक मिनिट." चार्ज करायला वेळ नव्हता. रिमोटचे सेल बारीक, टॉर्चचे जाडे. खणात ते दोन लिथियमचे होते. मी ते घाईघाईने बसवले. या वेळी तरी चालवून बघायला हवं होतं, पण तिची मूठ अजून बटणावरच आहे हेही माझ्या लक्षात आलं नाही. मी झाकण दाबलं आणि त्याच क्षणी अस्वल सुरू झालं.

ती महिनोन्‌महिने जे अस्वल ऐकत आली होती ते शांत होतं. हे तिच्या तोंडासमोर, माझ्या हातात, पिसाळल्यासारखं ढोल बडवत होतं. अशा मुलांना दचकायला टाचणी पडलेली पुरते. तिचे दोन्ही हात फाकले, पाठ कमानीसारखी मागे गेली, डोकं खुर्चीवर आपटलं. मग ती किंचाळली. हात उचलला गेल्याबरोबर अस्वल बंद झालं होतं, पण ती रडत राहिली, निळीपांढरी होईपर्यंत.

अर्धा तास आम्ही तिला शांत करत होतो. आईने गाणं म्हटलं, दीदीने पाणी दिलं. मग मी बटण परत समोर ठेवलं, अस्वल लांब टेबलावर. "उठव गं," म्हणाले. तिने हात पोटाशी घेतला. बटण दिसलं की तोंड फिरवायची. मी तिचा हात धरायला गेले तर तिने तो ओढून घेतला. इतक्या जोराने तिने हात कधीच हलवला नव्हता.

मी वडिलांना सगळं सांगितलं. सेल कसे रिकामे होतात, मीटर कसा फसवतो, तिने दाबलं होतं, बरोबर दाबलं होतं, चूक माझी आहे. मी हात जोडायचेच बाकी ठेवले होते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. फौजेतला माणूस, टॉर्च आणि रेडिओचे सेल बदलण्यात हयात गेलेली, त्याला कळलं नसेल असं नाही.

"मॅडम, तुमचं बरोबर हाय," तो म्हणाला. "पन नवं सेल घातल्यावर तरी दाबलं का तिनं?"

"ती घाबरलीये. पंधरा दिवस द्या मला."

"उद्या गाडी हाय माझी." मग बायकोकडे न बघता म्हणाला, "तुमी लई केलं. मन वाईट करून घेऊ नका."

आईने पट्टा सोडला, मुलीला उचललं, तिची चप्पल शोधली. मी तिच्या हातात अस्वल, बटण आणि वायर असं सगळं पिशवीत भरून दिलं. केंद्राची वस्तू द्यायला मला परवानगी नव्हती, पण कोण विचारतंय. लिथियमचे सेल आतच ठेवले. म्हणाले, "गावी जाऊन लगेच नको. आठवडाभराने अस्वल लांब ठेवा, कापडात गुंडाळा म्हणजे आवाज कमी होईल, आणि बटण तिच्यासमोर नुसतं ठेवून द्या. रोज ठेवा. हे सेल पडून खराब होत नाहीत. वर्ष गेलं तरी चालेल." ती मान डोलावत होती. ऐकत होती का, मला माहीत नाही.

जुलैत मी दोनदा फोन केला, तो लागला नाही. मला रागही आला तिचा. एवढं काय जड होतं, रोज एक बटण समोर ठेवायचं. रात्री अंथरुणावर पडलं की मी मनातल्या मनात तिच्याशी भांडायचे, आणि मग आठवायचं की मला एकदा अस्वल चालवून बघणं जड झालं होतं. नवरा म्हणायचा, सोड आता, चुकणारी तूच एकटी नाहीस. त्याला काय सांगणार होते? खट्‌ झालेलं त्याने ऐकलं नव्हतं.

दिवाळीनंतर तिचाच फोन आला. सण झाला, सगळे मजेत, मुलीचे बाबा जानेवारीत सुट्टीवर येणार. मागे भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी म्हातारं माणूस तिला हाका मारत होतं. मी मुलीचं विचारलं. "हाय की, निजलीया," म्हणाली. मग मी विचारायला नको होतं ते विचारलं. बटण ठेवता का तिच्यासमोर?



"पयलं पयलं ठिवलं हुतं, ताई. ती बगायचीच न्हाई. मग ऱ्हाऊनच गेलं." आणि मला वाईट वाटू नये म्हणून घाईघाईने म्हणाली, "पन ते सेल लई चांगलं निघालं बघा. हितं लाईट सारखी जाती, तर आत्यांनी, म्हंजी सासूबाईंनी, ते त्यांच्या बारक्या टार्चमधी घातल्यात. दिवाळीपास्नं रोज वापरत्यात, उजेड जरासुदिक कमी न्हाई."

"हो," मी म्हणाले. "ते तसेच चालतात."